कृतिदेवातून युनिकोडकडे : दिसणारा, परंतु शोधात न सापडणारा मजकूर

कृतिदेव ०१० या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेला जुना प्रबंध, तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडल्यास ‘अमरावती’च्या जागी vejkorh आणि ‘अकोला’च्या जागी vdksyk अशी अक्षरे दिसतात. वस्तुतः फाइलमध्ये साठविलेली अक्षरे इंग्रजीच असतात. फॉन्ट त्यांना केवळ देवनागरीची चित्रे चढवितो. युनिकोडमध्ये मात्र प्रत्येक देवनागरी वर्णाला स्वतःचा क्रमांक असतो. म्हणून रूपांतर म्हणजे फॉन्ट बदलणे नव्हे, तर वर्ण नव्याने लिहिणे होय.

‘विदर्भात’ हा शब्द पाहू. कृतिदेवात तो असा साठविला जातो :

```
fonHkkZr
```

येथे f म्हणजे पहिली वेलांटी. ती ‘व’च्या आधी आहे, कारण कागदावर ती आधी दिसते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर यावी लागते. जोडाक्षर असल्यास ती संपूर्ण जोडाक्षरापलीकडे न्यावी लागते, अन्यथा ‘स्थिती’ऐवजी ‘स्िथती’ उमटते. रफाराचे Z याउलट काना झाल्यावर येते; त्याला काना व ‘भ’ ओलांडून मागे न्यावे लागते. दोन k पैकी पहिला ‘भ’चा दंड आहे, दुसराच काना. म्हणून Hk ची जोडी आधी बदलावी आणि सुटा k नंतर.

खरा धोका न दिसणाऱ्या चुकीचा आहे. vdksyk मधील ks ची जोडी एकत्र न बदलता k चा काना व s ची मात्रा केली, तर ‘अकाेला’ तयार होते. अनेक पडद्यांवर ते ‘अकोला’सारखेच दिसते, मात्र ‘अकोला’ असे शोधल्यास सापडत नाही. परंतु ks सरसकट आधी बदलणेही चुकीचे, कारण ‘भेट’ म्हणजे HksV. तेथील k ‘भ’चा आहे.

‘वऱ्हाड’ या शब्दाची अडचण निराळी. हिंदी मजकुरासाठी केलेल्या कोष्टकात अर्ध्या ऱ्ची सोय नसल्यास ‘वर्हाड’ होते. युनिकोडमध्ये हा ऱ् दोन प्रकारे लिहिता येतो :

```
U+0931 U+094D
U+0930 U+094D U+200D
```

दोन्ही दिसायला सारखे, पण साध्या शोधास भिन्न. संग्रहासाठी पहिला प्रकार ठरवून दुसरा सर्वत्र त्यात बदलून घ्यावा. मात्र चुकीने झालेला रफार यंत्रवत् दुरुस्त करता येत नाही. ‘अर्हता’ योग्यच आहे, आणि ‘दर्या’ म्हणजे समुद्र की ‘दऱ्या’ हे वाक्य वाचूनच ठरते.

रूपांतरापूर्वी मजकूर साध्या नोटपॅडमध्ये चिकटवू नये. तसे केल्यास फॉन्टची नोंद पुसली जाते आणि प्रबंधातील खरे इंग्रजी शब्दही देवनागरीत बदलतात. वर्डमध्ये फॉन्टनुसार निवड करून कृतिदेवातील भागच बदलावा. नंतर काना-मात्रेची सुटी जोडी, हलन्तानंतर आलेली वेलांटी आणि ‘र्ह’, ‘र्य’ यांचा शोध घ्यावा. पहिल्या दोहोंचे एकही स्थळ उरता कामा नये, शेवटच्या दोहोंचे प्रत्येक स्थळ मूळ प्रतीशी ताडून पाहावे.