भरीत मागे का राहतं? शेतावरच्या जेवणाचं भावपत्रक असं लिहावं

हिवाळा लागला की खानदेशात रस्त्याकडेच्या शेतांवर भरताच्या पाट्या लागतात. कुणी कृषी पर्यटन केंद्र काढलेलं असतं, कुठं बचत गटाच्या भगिनी चूल मांडून बसलेल्या असतात. हाताला चव असते, वांगं घरचं असतं. तरी महिनाअखेर हिशेब केला की हाती फार उरत नाही. अशा वेळी बहुतेक जण भाव वाढवतात, नाहीतर पदार्थ वाढवतात. पण गिऱ्हाईक काय मागतं हे बऱ्याच अंशी त्याच्या हातातलं भावपत्रक ठरवतं, आणि तेच आपण छापखान्यात ‘नेहमीसारखं करून द्या’ म्हणून टाकून येतो. म्हणून आज या कार्डाविषयी.

कार्ड लिहायच्या आधी वही लागते. प्रत्येक पदार्थाच्या एका ताटाला कच्चा माल किती रुपयांचा लागतो, ते आधी लिहून काढावं. इथं शेतकरी हमखास एक गोष्ट सोडून देतो. वांगी घरची, ज्वारी घरची, म्हणून त्यांचा खर्च शून्य धरतो. तसं करू नये. ती वांगी त्या दिवशी बाजार समितीत ज्या भावानं गेली असती, तो भाव ताटावर धरावा. नाहीतर शेतीचा तोटा जेवणाच्या नफ्यात लपतो आणि दोन्हीचा हिशेब चुकतो.

समजण्यासाठी एका केंद्राचा महिन्याचा हिशेब मांडू. आकडे उदाहरणापुरते आहेत, आपापल्या वहीतले त्या जागी घालावेत. कार्डावर पाच पदार्थ आहेत आणि महिन्यात एकूण 700 ताटं गेली.

पिठलं-भाकरी 120 रुपये, माल 40 चा, ताटामागं उरतात 80. गेली 300 ताटं.
पनीर मसाला-पोळी 180 रुपये, माल 110 चा, उरतात 70; गेली 200.
गावरान कोंबडी-भाकरी 350 रुपये, माल 220 चा, उरतात 130, गेली 100.
भरीत-भाकरी 150 रुपये, माल 50 चा, उरतात 100, गेली 70.
मसाले भात 100 रुपये, माल 50 चा, उरतात 50, गेली 30.

सगळे मिळून उरले 59,500 रुपये, म्हणजे ताटामागं सरासरी 85. यातूनच सरपण, मजुरी, वीज आणि आपलं घर चालवायचं आहे.

आता या आकड्यांकडं कसं बघायचं? अमेरिकेतल्या मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या कासावाना आणि स्मिथ यांनी 1982 मध्ये एक सोपी रीत मांडली. प्रत्येक पदार्थाला दोनच प्रश्न विचारायचे. तो सरासरीपेक्षा जास्त पैसे ठेवतो का? आणि तो पुरेसा खपतो का? ‘पुरेसा’ म्हणजे समान वाट्याच्या 70 टक्के. पाच पदार्थ असतील तर समान वाटा 20 टक्के, त्याच्या 70 टक्के म्हणजे 14 टक्के. आपल्या 700 ताटांत ती रेघ 98 ताटांवर येते.

कोंबडी 130 ठेवते आणि 100 ताटं जाते. ती दोन्ही रेघांवर आहे, जरी खपात अगदी काठावर असली तरी. पिठलं आणि पनीर खूप खपतात, पण सरासरीपेक्षा कमी ठेवतात. मसाले भात खपतही नाही, ठेवतही नाही. आणि भरीत? ते 100 रुपये ठेवतं, पण मागे पडलंय. कार्डाचा खरा उपयोग अशाच पदार्थाला होतो. चांगला आहे, परवडतो, पण गिऱ्हाइकाच्या नजरेत येत नाही.

यात एक धडा लक्षात घ्या. ‘मालाचा खर्च टक्क्यांत कमी तो पदार्थ चांगला’ असं बरेच जण सांगतात. कोंबडीत विक्रीच्या जवळजवळ 63 टक्के माल जातो, पिठल्यात 33 टक्के. पण घरी टक्के नेता येत नाहीत, रुपये नेता येतात. कोंबडीचं एक ताट पिठल्यापेक्षा 50 रुपये जास्त ठेवतं.

आता भरीत मागे का, ते कार्डावर बघू. बहुतेक कार्डांवर पदार्थाची नावं डावीकडं, मधे टिंबांची रांग आणि उजवीकडं भावांचा खांब असतो. असा खांब दिसला की गिऱ्हाईक पदार्थ वाचतच नाही. बोट भावांवरून खाली फिरतं आणि स्वस्त आकड्यावर थांबतं. म्हणून भाव वर्णनाच्या शेवटी, त्याच ओळीत, त्याच जाडीच्या अक्षरात लिहावा. पदार्थही स्वस्त ते महाग अशा क्रमानं लावू नयेत.

रुपयाच्या चिन्हाबद्दल अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा 2009 चा एक अभ्यास सांगितला जातो. दुपारच्या जेवणाला ज्यांच्या कार्डावर डॉलरचं चिन्ह नव्हतं, नुसता आकडा होता, त्यांनी जास्त खर्च केला. तो प्रयोग एका उपाहारगृहातला आणि तिकडच्या गिऱ्हाइकांवरचा आहे, त्यामुळं आपल्याकडं तसंच घडेल असं धरू नये. पण ‘रु. 150/- फक्त’ असं ठसठशीत लिहिण्याऐवजी नुसतं 150 लिहिल्यानं आपलं काही बिघडत नाही. भाव लपवू मात्र नये. आपल्याकडं भाव दिसला नाही की माणूस फसवणुकीच्या शंकेनं उठून जातो. 149 लिहिण्याचा मोहही टाळावा. रुपया सुटा द्यायला रोज कटकट होते आणि शेतावरच्या जेवणाला 150 च शोभतं.

जागेबद्दलही एक समज पसरलेला आहे की कार्ड उघडल्यावर नजर आधी उजव्या पानाच्या मधोमध वरच्या बाजूला जाते. 2012 साली सॅन फ्रान्सिस्को स्टेट विद्यापीठाच्या सिबिल यांग यांनी वाचणाऱ्यांच्या नजरेची हालचाल टिपून पाहिली, तेव्हा लोक कार्ड पुस्तकासारखं क्रमानं वाचतात असं दिसलं. म्हणजे आपल्या एकपानी कार्डावर फार विचार नको. भरीत पहिल्या ओळीत घ्यावं आणि फक्त त्यालाच एक साधी चौकट करावी. चार पदार्थांना चौकटी केल्या तर कुणाचीच चौकट दिसत नाही.

आता वर्णन. नुसतं ‘भरीत-भाकरी’ लिहिलं तर पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला त्यात काय आहे हे कळत नाही. ‘स्वादिष्ट व रुचकर भरीत’ लिहिलं तरी कळत नाही, कारण हे शब्द प्रत्येक हॉटेलच्या पाटीवर असतात. वर्णनानं चार गोष्टी सांगाव्यात: माल कुठला, शिजवला कसा, त्यात काय आहे, आणि ताटात सोबत किती काय मिळेल. उदाहरणार्थ:

‘भरीत-भाकरी: आमच्याच शेतातलं वांगं, कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. सोबत कळण्याच्या दोन भाकरी, ठेचा, दही. 150’

एवढं पुरे. ‘कळणा म्हणजे ज्वारी-उडदाचं पीठ’ हे कार्डाच्या तळाला एका ओळीत द्यावं. बाहेरचा माणूस विचारायला लाजतो आणि ओळखीचं पनीर मागून मोकळा होतो. पनीर आणि पिठल्याला मात्र एकच ओळ ठेवावी. त्यांना वर्णनाची गरज नाही, ती आपोआप जातात.

वर्णन खरं असलं पाहिजे, इथं तडजोड नाही. वांगं गॅसवर भाजत असाल तर काड्या लिहू नका. वनस्पती तूप वापरून ‘साजूक तूप’ लिहिणं हा अन्न सुरक्षा व मानके कायदा 2006 खाली गुन्हा आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला त्यात 10 लाखांपर्यंत दंड आहे. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा दुसरीकडची वांगी आणून त्यावर ते नाव लावू नये. आणि पाहुणा काय खोटं ते पहिल्या घासाला ओळखतो.

बदल केल्यावर काय अपेक्षा धरावी? समजा पनीर मागणाऱ्या 200 पैकी 40 जण भरिताकडं वळले. ताटामागं 30 रुपये जास्त, म्हणजे महिन्याला 1,200 रुपये. मोठी रक्कम नव्हे. पण यासाठी एक पैसाही भाव वाढवला नाही, आणि 40 ताटांचं बाहेरचं पनीर वाचून आपलीच वांगी खपली. हेच 40 जण पिठल्यावरून वळले तर ताटामागं 20 रुपयेच वाढतात. आणि कोंबडीवरून वळले तर ताटामागं 30 रुपये घटतात. म्हणून ‘भरीत वाढलं’ एवढ्यावर खूश न होता ते कुणाचं गिऱ्हाईक घेऊन वाढलं, हे वहीत बघावं.

ते कळण्यासाठी एका वेळी एकच बदल करावा. आधीच्या चार आठवड्यांची ताटं रोज रेघा मारून मोजावीत, मग नवं कार्ड लावून पुढचे चार आठवडे मोजावीत. रविवार रविवाराशी, मंगळवार मंगळवाराशी ताडावा. मधे यात्रा किंवा लग्नसराई आली तर ते दिवस वेगळे काढावेत. ताटं आणि उरलेले पैसे अशा दोन्ही रेघा ठेवाव्यात. वाढणाऱ्या भगिनींनी आणखी एक टिपून ठेवावं: गिऱ्हाईक वारंवार काय विचारतं? ‘यासोबत काय येतं?’ हा प्रश्न दिवसात दहा वेळा आला, तर ते उत्तर कार्डावर नाही असं समजावं.

अडचणीही येतात. वांगं भाजायला वेळ लागतो. रविवारी भरिताची मागणी एकदम वाढली तर चुलीजवळ गर्दी होते, पाहुणा ताटकळतो, आणि वर्णनानं मिळवलेलं तिथं जातं. म्हणून वांगी सकाळीच भाजून ठेवावीत आणि फोडणी तेवढी मागणीप्रमाणं द्यावी. वांगी संपली तर चौकटीवर लगेच ‘आज संपलं’ची पट्टी लावावी. हंगाम सरल्यावर, उन्हाळ्यात भरिताचं वांगं चांगलं मिळत नाही, तेव्हा ती ओळ कार्डावरून काढूनच टाकावी.

मसाले भाताचं काय? तो लहान मुलांसाठी लागत असेल तर शेवटच्या ओळीत राहू द्यावा. कुणीच मागत नसेल तर काढावा. पाच पदार्थांचे चार झाले म्हणून एकही पाहुणा परत जाणार नाही, पण एक पातेलं, एक चूल आणि रोजचं थोडं वाया जाणारं अन्न वाचेल. कार्ड छापण्याआधी महिनाभर हातानं लिहिलेल्या कागदावर चालवून बघावं. वही जे सांगेल तेच मग छापायला द्यावं.