आकाशवाचन : छायाचित्रातील तारे आणि नकाशात नसलेले दोन बिंदू

रात्रीच्या आकाशाचे छायाचित्र आणि छापील तारकानकाशा ही दोन्ही एकाच गोलाची सपाट रूपे असली, तरी ती वेगवेगळ्या रीतीने सपाट केलेली असतात, आणि जुळवणीत येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या फरकात असते. संपूर्ण आकाश एका वर्तुळात दाखवणाऱ्या नकाशात शिरोबिंदू, म्हणजे निरीक्षकाच्या थेट डोक्यावरचा बिंदू, मध्यभागी ठेवून क्षितिज कडेला ओढलेले असते. त्यामुळे क्षितिजाजवळची तारकाचित्रे आडवी फाकतात आणि आकाशातील सरळ रेषा नकाशावर वाकतात. कॅमेऱ्याचे साधे भिंग याच्या उलट वागते. आकाशगोलावर दोन ताऱ्यांना जोडणारा सर्वांत जवळचा मार्ग ज्या वर्तुळाचा भाग असतो त्याला बृहद्वृत्त म्हणतात, आणि असे प्रत्येक बृहद्वृत्त कॅमेऱ्याच्या चौकटीत सरळ रेषा होऊन उमटते. मात्र या सरळपणासाठी भिंगाला अंतरांचा बळी द्यावा लागतो. चौकटीच्या मध्यभागी एक अंश जेवढी जागा घेतो त्याहून अधिक जागा तो कडेला घेतो. म्हणून छायाचित्रातील आकाश ओळखताना रेषांवर विश्वास ठेवावा, अंतरांवर मात्र जपून ठेवावा.

हे तत्त्व एका नेमक्या रात्रीवर तपासून पाहणे सोयीचे आहे. २०२५ सालच्या जानेवारीअखेरीस, २९ तारखेच्या अमावास्येच्या आसपास, महाराष्ट्रातून रात्री आठच्या सुमारास फोन उभा धरून पूर्वेकडे, किंचित दक्षिणेला वळवून आणि क्षितिजापासून सुमारे ५५ अंश उंचीवर रोखला असता, तर एकाच चौकटीत मृग, रोहिणी, व्याध, प्रश्वा आणि पुनर्वसूचे दोन तारे आले असते, आणि त्यांच्याबरोबर कोणत्याही छापील तारकानकाशात नसलेले दोन ठळक बिंदूही आले असते. फोनच्या मुख्य भिंगाची चौकट साधारणपणे ७४ अंश लांब आणि ५३ अंश रुंद असते, त्यामुळे एवढा मोठा प्रदेश एका चित्रात मावतो. फोन स्थिर टेकवून एक्स्पोजर, म्हणजे प्रकाश आत येऊ देण्याचा काळ, दहा सेकंदांच्या आसपास ठेवला, तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे तारे रेघोट्यांसारखे ओढले जाण्याआधीच चित्र पूर्ण होते.

नकाशा लावताना पहिली दुरुस्ती वेळेची करावी लागते. फिरत्या तबकडीचा तारकानकाशा स्थानिक वेळेसाठी आखलेला असतो, तर घड्याळात भारतीय प्रमाणवेळ असते आणि ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे. पुण्याची स्थानिक वेळ तिच्याहून सुमारे ३५ मिनिटांनी, मुंबईची सुमारे ३८ मिनिटांनी आणि नागपूरची सुमारे १४ मिनिटांनी मागे असते. म्हणून पुण्यात आठ वाजता घेतलेल्या चित्रासाठी तबकडी ७ वाजून २५ मिनिटांवर लावायची. त्यानंतर नकाशावरची ‘पूर्व’ बाजू खाली येईल असा तो फिरवला, की छायाचित्राप्रमाणेच नकाशातही डावीकडे उत्तर, उजवीकडे दक्षिण आणि वर शिरोबिंदू येतो. ही पायरी वगळली तर मृग ओळखू येत नाही, कारण पुस्तकातील आकृतीत तो ताठ उभा असतो, तर पूर्वेकडून वर चढताना तो कलंडलेला असतो.

जुळवणीचा आरंभ सर्वांत तेजस्वी ठिपक्यापासून करण्याचा मोह होतो. तो टाळावा, कारण तो ठिपका ग्रहही असू शकतो आणि मग पुढची सगळी ओळख चुकीच्या खुंटीवर टांगली जाते. आरंभ आकृतीपासून व्हावा, आणि या प्रदेशात मृगाच्या पोटातील बाणाइतकी निःसंदिग्ध आकृती दुसरी नाही. जवळजवळ सारख्या तेजाचे तीन तारे, जवळजवळ सारख्या अंतरावर, एका ओळीत, पावणेतीन अंशांच्या आत येतात. फोनच्या चित्रात डोळ्यांना न दिसणारे कितीतरी मंद तारेही उमटतात आणि त्यांच्या गर्दीत आकृत्या बुडून जातात. अशा वेळी चित्राची उजळपणाची पातळी खाली आणली किंवा चित्र पडद्यावर लहान करून पाहिले, की मंद तारे मावळतात आणि बाण वर येतो. या चित्रात तो मध्यापासून जरा उजवीकडे, तिरपा उभा दिसतो; त्याच्या डावीकडे खाली तांबूस काक्षी आणि उजवीकडे वर निळसर-पांढरा राजन्य असतो.

बाण सापडल्यावर भिंगाने जपलेली सरळ रेषा कामी येते. बाणाची रेषा खाली उजवीकडे सुमारे २२ अंश वाढवली की ती व्याधाजवळ पोहोचते, आणि वरच्या बाजूला जवळजवळ तितकीच वाढवली की रोहिणीजवळ. दोन्ही ठिकाणी रेषा ताऱ्याच्या अगदी मधून जात नाही, थोडी बाजूने जाते. पण दोन्ही टोकांना एकेक ठळक तारा मिळणे हाच पुरावा असतो. त्याला आणखी एक पडताळा जोडता येतो. काक्षी, व्याध आणि प्रश्वा यांचा त्रिकोण जवळजवळ समभुज आहे आणि त्याची प्रत्येक बाजू २५ ते २७ अंशांची आहे. हा त्रिकोण मुख्यतः चित्राच्या खालच्या अर्ध्या भागात सापडला, तर मृगाची ओळख पक्की झाली असे समजावे. छायाचित्रात त्याच्या बाजू सारख्या न दिसता खालच्या कडेकडे ताणलेल्या दिसतील, आणि ते अपेक्षितच आहे.

आता नकाशात नसलेल्या बिंदूंकडे वळता येते. पहिला चौकटीच्या वरच्या भागात, रोहिणीच्या अगदी शेजारी आहे आणि त्याच्या ठिपक्याचा घेर साऱ्या चित्रात सर्वांत मोठा आहे. ताऱ्यांचे तेज ‘प्रत’ या एककात मोजतात आणि आकडा जितका लहान किंवा ऋण, तितका तारा अधिक तेजस्वी. व्याधाची प्रत उणे १.५ च्या जवळ, रोहिणीची ०.९ च्या जवळ, तर या बिंदूची त्या दिवसांत सुमारे उणे २.५ होती. तेजस्वी ठिपक्याचा गाभा छायाचित्रात पूर्ण पांढरा होऊन जातो, त्यामुळे तेजाचा अंदाज गाभ्याच्या उजळपणावरून न करता ठिपक्याच्या घेरावरून करावा आणि रंग गाभ्यात न शोधता कडेच्या वलयात शोधावा. नुसत्या डोळ्यांनी पाहताना उपयोगी पडणारी खूण, म्हणजे तारा लुकलुकतो आणि ग्रह सहसा स्थिर दिसतो ही खूण, येथे मिळतच नाही, कारण दहा सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये लुकलुकणे मिसळून नाहीसे होते.

हा बिंदू रोहिणीपासून किती दूर आहे हे मोजताना अंतरांची फसवणूक उघड होते. चार हजार पिक्सेल उंचीच्या चित्रात मध्यभागी एक अंश सुमारे ४६ पिक्सेलचा असतो. पण मध्यापासून २५ अंश दूर गेल्यावर केंद्राच्या दिशेने मोजलेला अंश सुमारे ५६ पिक्सेलचा होतो. म्हणून बाणाच्या मापाने हे अंतर मोजले तर ते खऱ्याहून जास्त भरते. त्याऐवजी माप शेजारूनच घ्यावे. रोहिणी हा तारा इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तारकागुच्छाच्या एका टोकाला आहे. त्याच अक्षराच्या दुसऱ्या टोकाचा तारा त्याच्यापासून सुमारे ३.२ अंशांवर आहे. अनोळखी बिंदूचे अंतर या मापाच्या दीडपटीहून थोडे अधिक, म्हणजे सुमारे पाच अंश भरते, आणि नकाशात रोहिणीच्या उत्तरेस पाच अंशांवर असा तेजस्वी तारा कोठेही नाही.

दुसरा बिंदू चौकटीच्या खालच्या डाव्या भागात आहे. पुनर्वसूचे दोन ठळक तारे एकमेकांपासून साडेचार अंशांवर असतात. या चित्रात त्यांच्याजवळ तांबूस वलयाचा तिसरा, त्या दोघांहून ठळक ठिपका येऊन लहानसा त्रिकोण झालेला दिसतो. येथे भिंगाने जपलेली दुसरी सरळ रेषा उपयोगी पडते. सूर्याचा ताऱ्यांमधील वार्षिक मार्ग म्हणजे आयनिकवृत्त, आणि तेही बृहद्वृत्तच असल्यामुळे नकाशावर वाकलेले दिसले तरी छायाचित्रात सरळ उतरते. ते नकाशावरून छायाचित्रात आखले, तर पहिला बिंदू जवळजवळ त्या रेषेवरच पडतो आणि दुसरा तिच्यापासून सुमारे चार अंश उत्तरेला. ग्रह या रेषेच्या आसपासच फिरत असल्याने दोन्ही बिंदू ग्रहांच्या मार्गात बसतात. व्याध त्याच चित्रात तितकाच लक्षवेधी असूनही रेषेपासून फार दूर असल्यामुळे आपोआप बाद होतो.

नावे ठरवण्यासाठी मराठी घरात सहज मिळणारे साधन म्हणजे पंचांग. जानेवारी २०२५ च्या अखेरच्या दिवसांत निरयन गणितानुसार गुरू वृषभ राशीत, रोहिणी नक्षत्रात होता आणि मंगळ वक्री होऊन मिथुन राशीत, पुनर्वसू नक्षत्रात होता. म्हणून वरचा बिंदू गुरू आणि खालचा मंगळ. पंचांगातील नक्षत्रे १३ अंश २० कलांचे समान भाग असतात आणि आकाशातील तारकासमूह समान नसतात, त्यामुळे हा मेळ दर वेळी इतका नीट बसत नाही.

एवढ्यावर न थांबता खोटे बिंदूही तपासावे लागतात. संवेदकातील सदोष पिक्सेल ताऱ्यासारखा ठिपका देतो, पण तो टोकदार असतो, त्याभोवती वलय नसते, आणि फोनची दिशा बदलली तरी चौकटीत त्याच जागी राहतो. रस्त्यावरच्या दिव्याचे भिंगातील परावर्तन बरेचदा चित्राच्या केंद्राच्या नेमक्या विरुद्ध बाजूस उमटते. केंद्रातून रेघ ओढली की दुसऱ्या टोकाला दिवा सापडतो. ज्या चित्राची कड कापलेली आहे त्याचे मूळ केंद्र हरवलेले असते, आणि अनेक चित्रे जोडून केलेल्या रुंद चित्रात रेषाही तुटतात. अशा चित्रांवर वरची पद्धत लावू नये.

शेवटचा पडताळा दुसऱ्या छायाचित्राचा आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात तोच प्रदेश पुन्हा टिपला, तर पुनर्वसूजवळचा त्रिकोण बदललेला दिसतो, कारण सुमारे दहा दिवसांत मंगळ पश्चिमेकडे दोन अंशांच्या आसपास सरकलेला असतो, म्हणजे त्या दोन ताऱ्यांमधील अंतराच्या जवळजवळ निम्म्याने. गुरू मात्र हलल्याचे जाणवत नाही. त्या वर्षी ४ फेब्रुवारीला तो स्तंभी झाला होता, म्हणजे वक्री गती संपवून मार्गी होण्यापूर्वी ताऱ्यांच्या तुलनेत जागच्या जागी थांबल्यासारखा दिसत होता, आणि त्या तारखेच्या दोन्ही बाजूंना घेतलेली चित्रे एकावर एक ठेवली तरी तो तारा असल्याचाच भास होतो. सरकणे दिसले तर बिंदू ग्रह असल्याचे सिद्ध होते, पण न सरकण्याने तो तारा असल्याचे सिद्ध होत नाही. गुरूच्या बाबतीत मार्चच्या मध्यापर्यंत थांबून तिसरे चित्र घेतले, तेव्हा कुठे तो रोहिणीच्या पूर्वेकडे दोन-तीन अंश गेलेला मोजता येतो.