आईचे शेंगोळे पोराच्या पातेल्यात का विरघळतात? रेसिपी लिहून पाठवताना काय चुकतं

मुरुम : थंडी पडली की उमरगा तालुक्यातल्या घराघरांत हुलग्याचे शेंगोळे होतात. पुण्यात शिकायला किंवा कामाला गेलेल्या पोरालाही अशा वेळी त्याची आठवण येते. तो फोन करतो, आई व्हॉट्सअपवर कृती पाठवते, गावाकडून हुलग्याचं पीठ येतंच. तो मनापासून करायला घेतो आणि अर्ध्या तासाने पातेल्यात शेंगोळ्यांच्या जागी पिठलं दिसतं. मग आई म्हणते, "तुला जमत नाही, राहू दे."

बऱ्याचदा चूक पोराची नसते, मेसेजची असते. असे मेसेज साधारण या धर्तीचे असतात : "हुलग्याचं पीठ भिजव, त्याचे शेंगोळे वळ. फोडणी दे. पाणी टाक आणि चांगलं उकळू दे, त्यात शेंगोळे टाक. मीठ चवीपुरतं. पिठात लसूण-मिरची आधीच वाटून घालायची हां, आणि थोडं गव्हाचं पीठ पण."

ज्या बाईने शेंगोळे शेकडो वेळा केलेत तिला यात काहीच कमी दिसणार नाही. पहिल्यांदा चुलीपुढे उभ्या राहिलेल्या माणसाला मात्र यात तीन अडचणी येतात. क्रम उलटासुलटा आहे, मापं नाहीत आणि क्रियापदांचे दोन-दोन अर्थ निघतात.

सगळ्यात मोठा घोळ क्रियापदांचा, म्हणून आधी तेच पाहू. "पीठ भिजव" म्हणजे आपल्याकडे पाणी घालून पीठ मळ. पण "डाळ भिजव" म्हणजे पाण्यात बुडवून ठेव. नवखा माणूस डाळीचा अर्थ पिठाला लावतो आणि पिठात वाटीभर पाणी ओततो. ते पीठ वळलंच जात नाही. तिथे "घट्ट मळ" लिहिलं असतं तर ही वेळ आली नसती.

तसंच "फोडणी दे". वरणाला फोडणी देतात तेव्हा शिजलेल्या वरणावर ती वरून ओततात. शेंगोळ्याला आधी फोडणी करायची, मग त्यातच पाणी ओतायचं. शब्द एकच, पण कामाचा क्रम उलटा.

"टाक" तर आपण सगळ्यालाच म्हणतो. मीठ टाक, पाणी टाक, शेंगोळे टाक. पण शेंगोळे परातीतून एकदम ओतले तर ते एकमेकांना चिकटून गठ्ठा होतो आणि पाण्याची उकळीही बसते. ते एकेक करून उकळत्या पाण्यात सोडायचे असतात. म्हणून मीठ-पाण्याला "घाला" आणि शेंगोळ्यांना "एकेक सोडा" असं ठरवून घ्यावं, आणि शेवटपर्यंत तेच शब्द ठेवावेत. एकाच कामाला एकदा "परता", नंतर "भाजा" असं लिहिलं की वाचणाऱ्याला ती दोन वेगळी कामं वाटतात. परतायचं तेलात, भाजायचं कोरडं, तळायचं भरपूर तेलात. गोष्ट सांगताना तेच ते शब्द कंटाळा आणतात, रेसिपीत मात्र तेच हवे असतात.

आता क्रम. वरच्या मेसेजमध्ये लसूण-मिरची पिठात आधी घालायची आहे, पण हे सांगितलंय सगळ्यात शेवटी. बाईला ते माहीतच असतं, म्हणून तिला आठवेल तिथे ती लिहिते. पोरगा एकेक ओळ वाचत करत जातो. शेवटच्या ओळीवर येईपर्यंत शेंगोळे पाण्यात गेलेले असतात. ज्या क्रमाने हात चालतो त्याच क्रमाने ओळ यावी. साहित्याची यादीसुद्धा वापरण्याच्या क्रमाने लिहावी. एखादी वस्तू दोनदा लागत असेल, जसं मीठ पिठातही आणि रश्श्यातही, तर यादीतच "मीठ दोन भागांत" असं सांगावं. नाहीतर सगळं मीठ पिठात जातं.

एका वाक्यातला क्रमही बघावा लागतो. "शेंगोळे सोडा, पाणी खळखळ उकळल्यावर" हे वाक्य मराठीत बरोबर आहे, पण अर्धं वाचेपर्यंत शेंगोळे सुटलेले असतात. अट आधी, काम मागून : "पाणी खळखळ उकळलं की शेंगोळे सोडा." शेंगोळे विरघळण्याची दोनच मोठी कारणं आहेत, सैल पीठ आणि उकळी न आलेलं पाणी. उकळत्या पाण्यात वरचा थर लगेच शिजून घट्ट होतो आणि आकार धरतो. कोमट पाण्यात तो थर शिजायच्या आधीच सुटून पाण्यात मिसळतो.

राहिली मापं. एके काळी आपल्याकडे धान्य पायली, शेर, मापटं, चिपटं यांनी मोजत. चार शेरांची पायली, पण ती पायली सगळ्या भागांत सारखी नव्हती. १९५६ च्या कायद्यानंतर देशभर किलो-लिटर आले आणि बाजाराचा हिशोब सुटला. स्वयंपाकघरात मात्र "अंदाजाने" आणि "मूठभर" तसंच चालू राहिलं. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० साली आलं. त्यात प्रमाण वाटी-चमच्याने दिलं होतं, म्हणून नव्याने संसार मांडणाऱ्या मुलींच्या हातात ते पुस्तक टिकलं. वाटी-चमचा प्रत्येक घरात असतो, तराजू नसतो.

पण वाटीही सगळीकडे एक नसते. स्टीलची लहान वाटी आणि आमटीची वाटी यात दुपटीचा फरक निघू शकतो. आपली वाटी मोजायची सोपी रीत अशी : अर्धा लिटर दुधाची पिशवी घ्या आणि दूध वाटीने काठोकाठ मोजत पातेल्यात ओता. तीन वाट्या भरून तिसरा हिस्सा वाटी उरली तर वाटी दीडशे मिलीची. पाच वाट्या झाल्या तर शंभर मिलीची. लहान चमच्यासाठी खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं खुणांचं झाकण चालतं, त्यात पाच मिलीची खूण असते. रेसिपीच्या पहिल्याच ओळीत "वाटी १५० मिली, चमचा ५ मिली" लिहिलं की झालं. पिठाची वाटी दाबून भरायची नाही, वरून सपाट करायची, हेही लिहावं. दाबून भरलं तर त्याच वाटीत बरंच जास्त पीठ बसतं.

आता खरी पंचाईत. आजी म्हणते, "मी कधी मोजलंच नाही, काय सांगू?" तिला मोजायला लावू नये. हातात चमचा दिला की तिचा अंदाजच बिघडतो. त्यापेक्षा तिच्यापुढे मोजलेल्या वस्तू ठेवाव्यात. दोन वाट्या पीठ, चार चमचे मीठ, आठ वाट्या पाणी. ती आपल्या हाताने, आपल्या सवयीने करेल. झाल्यावर डब्यात काय उरलं ते मोजायचं आणि वजा करायचं. मीठ तीन चमचे उरलं तर तिने एक घेतलं. दोन-तीन वेळा असं केलं की बऱ्यापैकी नक्की आकडा मिळतो.

सगळं जुळवून तोच मेसेज असा होतो :

हुलग्याचे शेंगोळे, ३ जणांसाठी. वाटी १५० मिली, लहान चमचा ५ मिली, मोठा चमचा १५ मिली. सगळं सपाट भरून.

साहित्य : लसूण १० पाकळ्या, हिरव्या मिरच्या ४, जिरे १ लहान चमचा, हुलग्याचं पीठ १ वाटी, गव्हाचं पीठ पाव वाटी, हळद पाव लहान चमचा, मीठ १ लहान चमचा (दोन भागांत), मळायला पाणी अर्धी वाटी, तेल २ मोठे चमचे, मोहरी अर्धा लहान चमचा, रश्श्याला पाणी ५ वाट्या, शेंगदाण्याचं कूट २ मोठे चमचे.

१. लसूण, मिरच्या, जिरे पाणी न घालता जाडसर वाटा. वाटणाचे दोन सारखे भाग करा.

२. परातीत दोन्ही पिठं, हळद, अर्धं मीठ आणि वाटणाचा एक भाग घाला. हाताने मिसळा.

३. अर्ध्या वाटीतलं पाणी थोडं थोडं घालत पीठ घट्ट मळा. सगळं पाणी लागेलच असं नाही. बोटाने दाबल्यावर खळगा राहिला आणि बोटाला पीठ चिकटलं नाही, की थांबा.

४. सुपारीएवढा गोळा घ्या. पेन्सिलीइतकी जाड, चार बोटं लांब वळी वळा आणि दोन्ही टोकं जोडा. सगळे शेंगोळे वळून ताटात ठेवा आणि झाका. तोवर गॅस पेटवू नका.

५. पातेल्यात तेल तापवा. मोहरी घाला. ती तडतडली की वाटणाचा दुसरा भाग घाला आणि मध्यम आचेवर १ मिनिट परता.

६. ५ वाट्या पाणी आणि उरलेलं मीठ घाला. आच मोठी करा.

७. पाणी खळखळ उकळलं की शेंगोळे एकेक सोडा. ५ मिनिटं पळी घालू नका.

८. आच मध्यम करा. १५ मिनिटं शिजवा, मधूनमधून हलक्या हाताने ढवळा. एक शेंगोळा मोडून बघा. मध्ये कोरडं, कच्चं पीठ दिसलं तर आणखी ५ मिनिटं शिजवा.

९. कूट घाला. २ मिनिटं शिजवा. गॅस बंद करा.

यात मिनिटांसोबत खूणही दिलेली आहे, ती काढू नये. गॅस, शेगडी आणि चूल यांची आच सारखी नसते, शेंगोळा जाड वळला तर वेळही वाढतो. पाण्याचंही तसंच. गिरणीत पीठ किती बारीक दळलं, किती दिवसांचं आहे, यावर ते पाणी जास्त-कमी पितं. म्हणून अर्धी वाटी ही हद्द आहे, हुकूम नाही. सहा जणांसाठी करताना बाकी सगळं दुप्पट करावं, पण रश्श्याचं पाणी आधी ९ वाट्याच घ्यावं, कारण दुप्पट रश्श्यातून दुप्पट वाफ जात नाही. शेवटी घट्ट वाटलं तर उकळतं पाणी वाढवता येतं. जास्त झालेलं पाणी आटवता आटवता शेंगोळे मोडतात.

लिहून झालं की पाठवायच्या आधी एकदा घरातच करून घ्यावं. ज्याने कधी शेंगोळे केले नाहीत त्याच्या हातात मोबाईल द्यावा आणि आपण बाजूला गप्प बसावं. तो जिथे मान वर करून विचारेल, ती ओळ दुरुस्त करावी. चौथ्या पायरीतली "गॅस पेटवू नका" ही सूचना अशाच अडचणीसाठी आहे. नवख्याला शेंगोळे वळायला अर्धा-पाऊण तास सहज लागतो. फोडणी आधी केली तर तेवढ्या वेळात वाटण करपून काळं होतं. सराईत हात मात्र एका बाजूला फोडणी टाकून दुसऱ्या बाजूला वळत असतो, त्यामुळे त्याला ही ओळ लिहायची कधी सुचणारच नाही.