एका कपॅसिटरची दोन टोकं

इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रयोगशाळेत ज्यांनी कधी ब्रेडबोर्डवर तारा खोचल्या आहेत, त्यांना ७४१ हा आठ पायांचा काळा चौकोनी तुकडा नक्की आठवत असेल. त्याच्या आतलं सर्किट पुस्तकात छापलेलं असतं. वीसेक ट्रान्झिस्टर, डझनभर रेझिस्टर, आणि कपॅसिटर मात्र फक्त एक. त्यावर लिहिलेलं असतं ३० पिकोफॅरड. आम्ही ते चित्र परीक्षेसाठी पाठ केलं, कपॅसिटरही मुकाट्यानं काढला. पण हा एकुलता एक जीव तिथं काय करतो, हे विचारायचं बऱ्याच जणांचं राहूनच गेलं.

त्याच्या आधीच्या पिढीत हा कपॅसिटर चिपमध्ये नव्हता. बॉब विडलर यांनी फेअरचाइल्ड कंपनीत १९६५ साली ७०९ हा ऑप-अॅम्प तयार केला, तेव्हा तो स्थिर ठेवायला लागणारे कपॅसिटर आणि रेझिस्टर बाहेरून जोडावे लागत. ते विसरलं किंवा चुकीचे लावले, की सर्किटला काहीही इनपुट न देता ऑसिलोस्कोपवर लाटा उसळायच्या. १९६८ साली त्याच कंपनीत डेव्ह फुलागर यांनी ७४१ आणला, आणि त्यात हा ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर थेट चिपवर बसवला. चिपचा फोटो पाहिला तर ट्रान्झिस्टरांच्या गर्दीत तोच सर्वांत मोठा आयत दिसतो.

ऑप-अॅम्प वापरताना त्याचं आउटपुट उलटं करून इनपुटकडे परत दिलं जातं. आउटपुट जास्त झालं तर ते खाली ओढायचं, कमी झालं तर वर ढकलायचं. याला निगेटिव्ह फीडबॅक म्हणतात. झोपाळा थांबवायचा असेल तर आपण तो येत असताना त्याला समोरून हात लावतो, तसंच हे. पण हात लावायला बरोबर अर्ध्या झोक्याचा उशीर झाला, तर आपला हात झोपाळ्याला विरोध करण्याऐवजी ढकलायला लागतो. अर्धा झोका म्हणजे १८० अंश. ज्या फ्रिक्वेन्सीला अॅम्प्लिफायरमध्ये एवढा उशीर होतो, तिथं त्याच्याकडे सिग्नल वाढवायची ताकद शिल्लक असेल, तर तो स्वतःच्याच फीडबॅकवर झुलत राहणार.

हा उशीर येतो कुठून? अॅम्प्लिफायरच्या प्रत्येक टप्प्याच्या आउटपुटला काही रेझिस्टन्स असतो आणि काही ना काही कपॅसिटन्स चिकटलेला असतोच. तो भरायला वेळ लागतो. एका ठरावीक फ्रिक्वेन्सीनंतर तो टप्पा धापा टाकू लागतो, त्याचा गेन उतरायला लागतो आणि सिग्नल मागे पडू लागतो. या फ्रिक्वेन्सीला पोल म्हणतात. एक पोल जास्तीत जास्त ९० अंशांचा उशीर करतो. दोन टप्पे म्हणजे दोन पोल, आणि दोघे मिळून १८०. इथंच सगळी भानगड आहे.

आकडे घेऊन बघू. समजा पहिला टप्पा सिग्नल १०० पट वाढवतो, दुसराही १०० पट, म्हणजे एकूण १०,००० पट. दोन्ही टप्प्यांत मॉस ट्रान्झिस्टर आहेत. पहिल्या टप्प्याच्या आउटपुटला १० लाख ओहम आणि ०.२ पिकोफॅरड आहेत. त्याचा पोल ८०० किलोहर्ट्झच्या आसपास येतो. दुसऱ्याला १ लाख ओहम आणि ५ पिकोफॅरड. त्याचा पोल ३२० किलोहर्ट्झच्या जवळ. दोघेही शेजारी-शेजारी. गेन उतरत उतरत १ वर येतो ५० मेगाहर्ट्झला, आणि तोवर दोन्ही पोल आपला जवळजवळ पूर्ण उशीर करून मोकळे झालेले असतात. १८० अंशांपासून उरतं अंतर सव्वा-दीड अंशाचं. या उरलेल्या अंतराला फेज मार्जिन म्हणतात. एवढ्या मार्जिनवर सर्किट कागदावर स्थिर असतं, टेबलावर नाही.

यावर साधा उपाय असा, की एका टप्प्याला मुद्दाम खूप संथ करायचं, म्हणजे दुसऱ्याचा उशीर सुरू होईपर्यंत गेन संपून गेलेला असेल. आपल्या उदाहरणात पहिल्या टप्प्याच्या आउटपुटपासून ग्राउंडला सुमारे ५,००० पिकोफॅरडचा कपॅसिटर लावला, तर मार्जिन ५० अंशांच्या थोडं वर जातं. पण चिपवर एवढा कपॅसिटर बसवायला जागाच नसते. शिवाय अॅम्प्लिफायर अडीच लाख हर्ट्झच्या आसपासच दम टाकतो. स्थिरता मिळाली, पण घोड्याचा बैल करून.

आता तोच कपॅसिटर ग्राउंडला न लावता दुसऱ्या टप्प्याच्या इनपुटपासून त्याच्याच आउटपुटपर्यंत लावू, आणि तोही फक्त २ पिकोफॅरडचा. दुसरा टप्पा सिग्नल उलटा करतो, म्हणजे इनपुट एक मिलिव्होल्ट वर गेलं की आउटपुट शंभर मिलिव्होल्ट खाली जातं. अशी एक टाकी कल्पून पाहा, की पाणी एक इंच चढलं की तिचा तळ शंभर इंच खाली सरकतो. पाणी एक इंच वर दिसायला एकशे एक इंच पाणी ओतावं लागेल. पहिल्या टप्प्याची नेमकी हीच गत होते. त्याला २ पिकोफॅरड नव्हे, तर २०२ पिकोफॅरड भरावे लागतात. त्याचा पोल ८०० किलोहर्ट्झवरून थेट ७८० हर्ट्झच्या आसपास कोसळतो.

टाकीचा तळ सरकतो ही गोष्ट जॉन मिल्टन मिलर यांनी १९२० साली अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सच्या प्रकाशनात मांडली. तेव्हा ट्रान्झिस्टर नव्हते. त्यांचा विषय होता तीन इलेक्ट्रोडांच्या व्हॅक्यूम ट्यूबचं इनपुट. पुढं रेडिओवाल्यांना हा परिणाम डोकेदुखीच ठरला, कारण ट्यूबमधला इवलासा कपॅसिटन्स फुगून त्यांचा वेग खाऊन टाकायचा. ऑप-अॅम्पवाल्यांनी तीच डोकेदुखी कामाला लावली.

इथपर्यंतची कथा बहुतेक पुस्तकं नीट सांगतात. कमी जागेत मोठा कपॅसिटर, एवढंच बऱ्याच विद्यार्थ्यांच्या लक्षात राहतं. मला मात्र कपॅसिटरच्या दुसऱ्या टोकाला जे होतं ते जास्त सुंदर वाटतं.

कपॅसिटर फ्रिक्वेन्सी वाढेल तसा अडथळा कमी करत जातो. बऱ्याच वरच्या फ्रिक्वेन्सीला त्यानं दुसऱ्या ट्रान्झिस्टरचं इनपुट आणि आउटपुट जवळजवळ एकाच तारेत बांधलेले असतात. आता आउटपुट जरा वर गेलं की ते तत्काळ त्याच ट्रान्झिस्टरच्या इनपुटला कळतं, तो जास्त करंट ओढतो आणि आउटपुट खाली खेचतो. आपल्या ट्रान्झिस्टरला इनपुटवर एक व्होल्ट वाढला की तो एक मिलिअँपिअर जास्त ओढतो. म्हणजे आउटपुटकडून पाहिलं तर तो १ हजार ओहमच्या रेझिस्टरसारखा दिसतो. आधी ५ पिकोफॅरडच्या लोडला १ लाख ओहममधून निचरा करावा लागत होता, आता फक्त हजारातून. दुसरा पोल ३२० किलोहर्ट्झवरून उडी मारून २८ मेगाहर्ट्झला जातो.

दोन पोल शेजारी होते, ते आता एकमेकांपासून दूर पळाले. एक खाली, एक वर. याला पोल स्प्लिटिंग म्हणतात. गेन आता ८ मेगाहर्ट्झच्या आसपास १ वर येतो. तिथं पहिल्या पोलनं ९० अंश घेतले, पण दूर गेलेल्या दुसऱ्यानं जेमतेम १६. दोन पिकोफॅरडमध्ये काम झालं, आणि वेग ग्राउंडला लावलेल्या ५,००० पिकोफॅरडपेक्षा तीसेक पट जास्त.

७४१ मध्येही हेच घडतं, फक्त आकडे वेगळे. त्याच्या दुसऱ्या टप्प्याचा गेन ५०० च्या आसपास आहे, त्यामुळे ३० पिकोफॅरड पहिल्या टप्प्याला १५,००० पिकोफॅरडसारखे भासतात. पहिला पोल येतो जेमतेम ४-५ हर्ट्झला. लाखोंचा गेन तिथूनच उतरायला लागतो आणि १० लाख हर्ट्झला १ वर येतो.

या व्यवस्थेला एक फटही आहे. कपॅसिटर दोन्ही बाजूंनी चालतो. वरच्या फ्रिक्वेन्सीला पहिल्या टप्प्याचा सिग्नल ट्रान्झिस्टरला वळसा घालून कपॅसिटरमधून थेट आउटपुटला पोचू लागतो, आणि तोही न उलटता. याला राइट हाफ प्लेन झिरो म्हणतात. तो गेन वाढवतो आणि उशीरही वाढवतो. आपल्या उदाहरणात तो ८० मेगाहर्ट्झला आहे आणि पावणेसहा अंश खातो. मार्जिन उरतं ६८ च्या आसपास. इथं चालून जातं. पण मॉस ट्रान्झिस्टर अशक्त असेल तर हाच झिरो खाली सरकून मार्जिन गिळतो. ७४१ सारख्या बायपोलर चिपमध्ये त्रास फारसा जाणवत नाही, कारण तिथला ट्रान्झिस्टर तेवढ्याच करंटमध्ये कितीतरी जोरकस असतो. मॉसच्या सर्किटमध्ये मग कपॅसिटरच्या रांगेत एक छोटा रेझिस्टर बसवतात. तो १ हजार ओहमचा, म्हणजे ट्रान्झिस्टर जेवढा दिसतो तेवढाच ठेवला, तर चोरवाट बंद होते.

दुसरी गोष्ट आउटपुटवरच्या लोडची. ५ पिकोफॅरडच्या जागी कोणी लांब केबल जोडून ५० पिकोफॅरड केले, तर दुसरा पोल २८ वरून ३ मेगाहर्ट्झच्या खाली येतो आणि मार्जिन ३० अंशांवर. हे ओळखायला गणित लागत नाही. आउटपुट पूर्ण परत देऊन इनपुटला लहानशी चौकोनी लाट द्यायची आणि स्कोपवर बघायचं. ६८ अंशांना लाटेचा कोपरा स्वच्छ वळतो. ३० अंशांना आउटपुट आपली जागा ओलांडून चाळीस टक्क्यांच्या आसपास वर उसळतं आणि दोन-तीन हेलकावे खाऊन बसतं. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा प्रोब खराब आहे असं समजून तो बदलला होता.

लाट लहान हवी, कारण मोठ्या लाटेला त्याच कपॅसिटरची आणखी एक मर्यादा आडवी येते. ७४१ चा पहिला टप्पा सगळा जोर लावून २० मायक्रोअँपिअरच्या आसपास करंट देऊ शकतो. ३० पिकोफॅरड भरायला तेवढाच नळ. त्यामुळे आउटपुट एका मायक्रोसेकंदात साधारण अर्धा व्होल्टच सरकू शकतं. १० व्होल्ट उंचीची साइन लाट ८ किलोहर्ट्झपर्यंत नीट निघते. त्यापुढं ती स्कोपवर सरळ रेषांची त्रिकोणी होऊ लागते.

७४१ मध्ये यावर इलाज नाही, कपॅसिटर आत बंद आहे. विडलर यांनी १९६७ साली नॅशनल सेमिकंडक्टरसाठी केलेल्या एलएम१०१ मध्ये तोच ३० पिकोफॅरड बाहेर, दोन पायांवर जोडायचा असे. पूर्ण आउटपुट परत द्यायचं नसून दहापट गेन हवा असेल, तर फीडबॅक दहापट कमी होतो आणि ३ पिकोफॅरडवर भागतं. नळ तोच, टाकी दहापट लहान. म्हणून ७४१ आल्यावरही काही जुने डिझायनर १०१ च्या पायांवर स्वतःच्या हातानं कपॅसिटर टाचत राहिले.