तोंड आलंय, पण किती दिवसांपासून?

वरण-भाताचा पहिला घास घेतला आणि ओठाच्या आत झणझणलं, की आपण म्हणतो, ‘तोंड आलं.’ आरशात पाहिलं तर मसुराच्या डाळीएवढा व्रण दिसतो. तळ पिवळसर पांढरा, भोवती लाल कडा. तो गालाच्या आत, ओठामागे किंवा जिभेखाली उठतो, पहिले तीन-चार दिवस जाम दुखतो आणि सात ते चौदा दिवसांत खूण न ठेवता बरा होतो. काही महिन्यांनी दुसऱ्या जागी पुन्हा उठतो. हा संसर्गजन्य नाही.

घरोघरी याला ‘उष्णता’ म्हणतात. प्रत्यक्षात जागरण, ताण, ब्रशचा ओरखडा, चुकून चावला गेलेला गाल किंवा पाळीचे दिवस यांचं निमित्त होतं. वारंवार तोंड येत असेल, तर लोह, फॉलिक अ‍ॅसिड किंवा बी-१२ कमी असू शकतं. अंदाजाने बी-कॉम्प्लेक्स खात राहण्यापेक्षा रक्त तपासून घ्यावं.

पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा चूळ भरावी. सुरुवातीला झोंबतं, पण जागा स्वच्छ राहते. जेवणं अशक्य झालं, तर डॉक्टरांच्या सल्ल्याने बधिर करणारं जेल जेवणाआधी लावता येतं. साजूक तूप लावल्याने व्रणावर घास घासत नाही, एवढा आराम मिळतो. ठेचा, लोणचं, टोमॅटो, अननस, वाफाळता चहा आणि चिवडा-चकलीसारखं टोचणारं खाणं बंद ठेवावं. दहीभात, मऊ खिचडी, थंड दूध चालतं.

आता एक वेगळा व्रण पाहा. जिभेच्या कडेला, किडलेल्या दाढेच्या टोकदार तुकड्यासमोरच तो आहे. दंतवैद्य ते टोक घासून गुळगुळीत करतात आणि दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावतात. घासण्यामुळेच झालेला व्रण तोवर भरलेला असतो. तसाच राहिला, तर छोटा तुकडा काढून तपासतात. यालाच बायॉप्सी म्हणतात. तिने रोग पसरतो, ही निव्वळ भीती आहे.

फसगत होते ती दुखण्यामुळे. सुरुवातीचा कर्करोग बरेचदा दुखतच नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. एकाच जागी टिकलेला, कडा कडक लागणारा, सहज रक्त येणारा व्रण; शेजारी पांढरा किंवा लाल चट्टा; मानेत गाठ; दात हलणं किंवा तोंड कमी उघडणं, ही लक्षणं दुर्लक्ष करण्यासारखी नाहीत. तंबाखू, खर्रा, गुटखा किंवा मिश्रीची सवय असेल, तर गोळी जिथे धरली जाते ती जागा दर महिन्याला आरशात पाहावी.

व्रण दिसला की कॅलेंडरवर तारीख लिहा. तीन आठवड्यांत भरला नाही, तर दुखत असो वा नसो, दंतवैद्याला किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा.