नव्वद टक्के डास मेले, मग आक्षेप कशावर?

कीटकनाशक लावलेल्या कागदावर 100 डास तासभर ठेवले आणि दुसऱ्या दिवशी त्यांतले 90 मेलेले आढळले, तर औषध चांगलेच चालते असे कुणालाही वाटेल. डासांवर काम करणारा माणूस मात्र हा आकडा पाहून चिंतेत पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कसोटीनुसार किमान 98 डास मेले तरच ती जात औषधाला बळी पडते असे मानतात. 90 ते 97 मेले तर प्रतिकाराचा संशय घ्यायचा आणि 90 पेक्षा कमी मेले तर प्रतिकार पक्का धरायचा. म्हणजे आपले 90 अगदी सीमारेषेवर उभे आहेत. अशा आकड्यावर शोधनिबंध लिहून जर्नलकडे पाठवला की रिव्ह्यूअर नेमके तिथेच बोट ठेवतात. मग संशोधकाला संपादकाच्या नावे एक पत्र लिहावे लागते. त्यात रिव्ह्यूअरचा एकेक आक्षेप जसाच्या तसा उतरवायचा, त्याखाली आपले उत्तर द्यायचे आणि निबंधात कोणत्या ओळीत काय बदलले ते सांगायचे. हे पत्र वाचकांसमोर क्वचितच येते, पण निबंधातले विधान किती वजन पेलू शकते याचा निकाल तिथेच लागतो.

असे पत्र कसे असते ते एका कल्पित उदाहरणातून पाहू. समजा, एक संशोधक विद्यार्थिनी मध्य भारतातल्या जंगलपट्ट्यात ‘अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिस’ या डासावर काम करते आहे. भारताच्या ग्रामीण भागात मलेरिया पसरवणारा हा प्रमुख डास. दिवसा तो गोठ्यांत आणि घरांत भिंतीवर विसावतो, त्यामुळे पहाटे टॉर्च आणि तोंडाने ओढायची काचनळी घेऊन त्याला पकडता येते. तिला पाहायचे आहे ते डेल्टामेथ्रिनचे. मच्छरदाण्यांत आणि घरफवारणीत वापरल्या जाणाऱ्या पायरेथ्रॉइड गटातले हे कीटकनाशक आहे.

चाचणीची रीत ठरलेली आहे. प्लॅस्टिकच्या नळीत 0.05 टक्के डेल्टामेथ्रिनचा कागद गुंडाळून लावायचा, त्यात 25 माद्या सोडायच्या आणि एक तासाने त्यांना औषध नसलेल्या स्वच्छ नळीत हलवायचे. तिथे साखरपाण्याचा बोळा द्यायचा, 24 तास थांबायचे आणि मग मोजायचे. जी मादी उडू शकते ती जिवंत, मग तिचे पाय गळालेले असले तरी. जी उताणी पडून नुसती थरथरते ती मेलेल्यांत. अशा चार नळ्या म्हणजे 100 डास. सोबत औषध नसलेल्या, फक्त तेल लावलेल्या कागदाच्या दोन नळ्या ठेवायच्या. त्यांना कंट्रोल म्हणतात.

तिच्या चार नळ्यांत मिळून 90 माद्या मेल्या. निबंधाचे शीर्षक तिने दिले: ‘डेल्टामेथ्रिन मच्छरदाण्या निकामी करणारा प्रतिकार’. दोन रिव्ह्यूअरनी मिळून चार आक्षेप घेतले.

पहिला आक्षेप: औषधाशिवाय किती मेले?

निबंधात कंट्रोलचा आकडा दिलेलाच नव्हता. तिच्या वहीत तो होता. 50 पैकी 4 माद्या औषधाचा स्पर्शही न होता मेल्या होत्या, म्हणजे 8 टक्के. नळीने ओढताना झालेली इजा, उकाडा, कोरडी हवा अशा कारणांनी असे होते. पण मग औषधाच्या नळीतल्या 90 पैकी काही माद्याही अशाच मेल्या असणार. त्यांचे श्रेय औषधाला देता येत नाही.

यासाठी डब्ल्यू. एस. अ‍ॅबट यांनी 1925 साली मांडलेले सूत्र आजही वापरतात. औषधाच्या नळीतल्या मृत्यूंच्या टक्केवारीतून कंट्रोलची टक्केवारी वजा करायची आणि उरलेल्याला, कंट्रोलमध्ये जगलेल्यांच्या टक्केवारीने भागायचे. इथे 90 वजा 8 म्हणजे 82. त्याला 92 ने भागले की 89.1 टक्के येतात. कंट्रोलमधले मृत्यू 5 टक्क्यांपेक्षा कमी असतील तर दुरुस्तीची गरज नसते. ते 20 टक्क्यांच्या वर गेले तर चाचणीच रद्द करावी लागते. आठ टक्के मधोमध येतात, म्हणून इथे दुरुस्ती अटळ आहे.

या एका वजाबाकीने आकडा सीमारेषेच्या पलीकडे गेला. 90 वर संशय होता, 89.1 वर प्रतिकार पक्का ठरतो. आक्षेप तिच्या निष्कर्षाच्या बाजूनेच पडला, आणि इथेच सावध राहायला हवे. पत्रात ती लिहिते:

“कंट्रोलमधील मृत्यू आता तक्त्यात दिले आहेत आणि अ‍ॅबटच्या सूत्राने दुरुस्ती केली आहे. दुरुस्त आकडा 89.1 टक्के येतो. मात्र 100 पैकी 90 या मोजणीची 95 टक्के विश्वासमर्यादा सुमारे 83 ते 94 आहे. म्हणजे एवढ्या नमुन्यावर हा आकडा सीमारेषेच्या कोणत्या बाजूला आहे हे ठामपणे सांगता येत नाही. निष्कर्षात तसे नमूद केले आहे.”

दुसरा आक्षेप: चार नळ्यांचे वेगवेगळे आकडे कुठे आहेत?

वरवर हा कारकुनी प्रश्न वाटतो, पण चारांत हाच सर्वांत खोल आहे. चार नळ्यांत 24, 23, 22 आणि 21 माद्या मेल्या असतील तर बेरीज 90 होते. तीन नळ्यांत सगळ्या 25 मेल्या आणि चौथीत फक्त 15, तरीही बेरीज 90 च होते. पहिल्या प्रकारात जगणाऱ्या माद्या सगळीकडे विखुरलेल्या आहेत, म्हणजे प्रतिकार डासांच्या त्या समूहातच आहे. दुसऱ्या प्रकारात दोष बहुधा चौथ्या नळीतल्या कागदाचा असतो.

कागद थकतो. एक कागद सहा चाचण्यांपेक्षा जास्त, म्हणजे सुमारे 150 डासांपेक्षा जास्त वापरू नये असा नियम आहे. तो फ्रीजमध्ये ठेवावा लागतो आणि त्याला मुदत असते. जुन्या कागदावरचे औषध उतरले की डास जगतात, आणि वाचणाऱ्याला वाटते की डासच बदलले. यावर उपाय एकच. प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या, औषधाला हमखास बळी पडणाऱ्या डासांवर तोच कागद वापरून बघायचा.

तिने वापरलेले कागद जपून ठेवले होते. रिव्ह्यूअरचा आक्षेप आल्यावर तिने ते प्रयोगशाळेतल्या डासांवर वापरले आणि सगळे डास मेले. कागद काळाबरोबर फक्त कमजोर होतो, जोरदार होत नाही. तो आज सगळे डास मारत असेल तर चाचणीच्या दिवशीही पुरेसा ताकदवान होता. हा युक्तिवाद तिने पत्रात मांडला आणि चारही नळ्यांचे आकडे स्वतंत्र ओळींत दिले: 24, 23, 22, 21.

तिसरा आक्षेप: डास नेमके कोणते?

‘क्युलिसिफेसिस’ हे एकच नाव असले तरी त्याखाली ए, बी, सी, डी आणि ई अशा पाच भावंड जाती आहेत. भिंगाखाली त्या सारख्याच दिसतात. बी जातीचा भारतात मलेरिया पसरवण्यात फारसा वाटा नाही. गावात वाचलेल्या दहा माद्या बहुतेक बी असतील तर प्रतिकार खरा असूनही मलेरियाच्या दृष्टीने त्याचा अर्थ वेगळा होतो. शिवाय पकडलेल्या माद्यांचे वय ठाऊक नसते. म्हातारे डास औषधाला लवकर बळी पडतात, पोटात रक्त असलेली मादी जास्त तग धरते. म्हणून शक्यतो गोठ्यातून आणलेल्या माद्यांची अंडी उबवून, पुढच्या पिढीतल्या तीन ते पाच दिवसांच्या, रक्त न प्यालेल्या माद्या वापरतात. तिने तेच केले होते, पण निबंधात लिहायचे राहिले होते.

रिव्ह्यूअरने यापुढे जाऊन सुचवले की नव्याने डास पकडून सगळी चाचणी पुन्हा करावी. इथे ती नम्रपणे नकार देते:

“आता ऋतू बदलला आहे आणि मधल्या काळात गावात फवारणीची एक फेरी झाली आहे. आज पकडलेले डास हा वेगळा समूह असेल आणि त्यावरून आधीचा निकाल खरा की खोटा हे ठरणार नाही. त्याऐवजी सिलिका जेलमध्ये सुटे जपलेले मेलेले आणि वाचलेले डास डीएनए चाचणीने ओळखले आहेत. जातींचा तक्ता जोडला आहे.”

नकार द्यायला हरकत नसते. त्यामागचे कारण विज्ञानाचे हवे, वेळ किंवा पैसा नाही हे पुरत नाही. आणि रिव्ह्यूअरला जी शंका होती ती दुसऱ्या वाटेने फेडावी लागते.

चौथा आक्षेप: मच्छरदाण्या निकामी ठरल्या, हे कशावरून?

इथे बचाव करण्यासारखे काही नव्हते. नळीतल्या चाचणीत औषधाची मात्रा ठरलेली असते. साध्या डासांना हमखास मारणाऱ्या किमान मात्रेच्या ती दुप्पट असते. ती सहन करणाऱ्या माद्या समूहात आहेत एवढेच चाचणी सांगते. प्रतिकार किती जोराचा आहे हे बघायला पाचपट आणि दहापट मात्रेचे, म्हणजे 0.25 आणि 0.5 टक्क्यांचे कागद वापरावे लागतात. पाचपट मात्रेवर सगळ्या माद्या मेल्या तर तो प्रतिकार कमी ताकदीचा. दहापट मात्रेवरही जगल्या तर प्रत्यक्ष वापरात औषध कमी पडण्याची शक्यता खूप वाढते.

मच्छरदाणीचे काम तर औषधावरच संपत नाही. ती माणूस आणि डास यांच्यातली भिंतही असते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2018 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात भारतातले ठिकाण होते छत्तीसगडच्या कोंडागाव जिल्ह्यातले केशकाल. चाचणीत प्रतिकार दिसलेल्या भागांतही मच्छरदाणी वापरणाऱ्यांना मलेरियापासून संरक्षण मिळत होते, आणि जिथे प्रतिकार जास्त तिथे मलेरिया जास्त असा संबंध आढळला नाही. मच्छरदाण्या निकामी आहेत असे छापील वाक्य गावात पोचले आणि लोकांनी त्या गुंडाळून ठेवल्या, तर त्याची किंमत तापाने मोजावी लागेल. म्हणून शीर्षक बदलले: ‘अ‍ॅनोफिलिस क्युलिसिफेसिसमध्ये डेल्टामेथ्रिन-प्रतिकाराची चिन्हे’. निष्कर्षाचे शेवटचे वाक्य असे झाले:

“दुरुस्त मृत्यूदर प्रतिकाराच्या सीमारेषेलगत असल्यामुळे याच गावांत चाचणी पुन्हा करावी आणि वाढीव मात्रेवर प्रतिकाराची ताकद मोजावी, तोवर मच्छरदाण्यांचा वापर चालू ठेवावा.”

पहिल्या मसुद्यापेक्षा हे वाक्य कमी खळबळजनक आहे, पण जिल्हा मलेरिया अधिकाऱ्याच्या हाती ते जास्त उपयोगी पडते. पहिले वाक्य वाचून त्याला एक तर सगळे औषध बदलावे लागले असते किंवा निबंधाकडे दुर्लक्ष करावे लागले असते. दुसरे वाचून तो पुढच्या हंगामात कोणत्या गावात, किती डासांवर, कोणत्या मात्रेचे कागद वापरायचे हे ठरवू शकतो. दहापट मात्रेवरही माद्या जगू लागल्याच, तर डेल्टामेथ्रिन बदलायची शिफारस करायला त्याच्याकडे पक्का आधार असेल.