मंगळवारच्या दोन तासांचा अर्ज

मुलाची स्पीच थेरपी दर मंगळवारी चार वाजता असेल, तर रजा कोणती मागायची? केंद्र सरकारी कर्मचारी आईला नोकरीभरात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते. ४० टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलासाठी वयाची अटही नाही. पण ती एका वेळी किमान पाच दिवसांची घ्यावी लागते आणि वर्षातून साधारण तीनदाच. सलग आठवडाभर चालणाऱ्या मूल्यमापनाला ती उपयोगी पडते, आठवड्याच्या तासाला नाही.

नैमित्तिक रजा वर्षाला आठ, म्हणजे सोळा अर्धे दिवस. मंगळवार मात्र बावन्न! ही तफावत अर्जातच मांडलेली बरी.

समजा, पुण्यातली एक लिपिक लिहिते: ‘माझ्या मुलाची थेरपी दर मंगळवारी ४ वाजता असते. त्या दिवशी मला ३ वाजता निघण्याची परवानगी द्यावी. ते तास मी बुधवारी व गुरुवारी लवकर येऊन भरून काढीन. सहा महिन्यांनी मूल्यमापन आहे. त्यानंतर वेळापत्रक पुन्हा कळवीन.’ सोबत थेरपिस्टचं वार आणि वेळ सांगणारं पत्र जोडावं. निदानाचा पूर्ण अहवाल सगळ्या टेबलांवरून फिरवायची गरज नाही. ‘अधूनमधून सवलत मिळावी’ असं मोघम लिहिलं, की दर आठवड्याला नव्यानं विनवणी करावी लागते.

खासगी नोकरीत अशी स्वतंत्र रजा देणारा सर्वांना लागू कायदा नाही. तिथे हाच ठोस प्रस्ताव द्यावा आणि होकार ईमेलवर घ्यावा. साहेब बदलले तरी तो दाखवता येतो.